config.bin टाकायच्या आधी राउटर उलटा करून बघा

प्रश्न: घरी लोकल केबलवाल्याचं फायबर आहे. नेट स्लो चालतंय म्हणून भाच्याने राउटरच्या मागच्या भोकात पिन घालून दाबली. आता वाय-फायचं नावच बदललंय आणि नेट बंद. केबलवाला म्हणतो माणूस सोमवारी येईल. माझ्या लॅपटॉपमध्ये config.bin नावाची एक फाइल आहे, दोन वर्षांपूर्वी एका ओळखीच्या मुलाने सगळं सेट करून ती ठेवली होती. ती टाकली तर चालेल का, की अजून बिघडेल? खालच्या दुकानाचा सीसीटीव्ही पण मोबाईलवर दिसत नाहीये.
— एक वाचक, चिपळूण

उत्तर: ताई, पिन दाबल्याने राउटर रीसेट झाला, म्हणजे त्यातली सगळी सेटिंग पुसली गेली, आणि ती फाइल म्हणजे राउटरच्या सेटिंगची साठवलेली प्रत. ती त्याच राउटरची असेल तर टाका, पाच मिनिटांचं काम आहे आणि सोमवारची वाट बघायला नको. पण "त्याच" म्हणजे अगदी त्याच, नुसतं कंपनी सेम किंवा दिसायला सेम असून भागत नाही. म्हणून राउटर उलटा करा आणि खालचं लेबल वाचा. मॉडेलचं नाव असेल, त्याच्या बाजूला बारीक अक्षरात Ver: 3.20 किंवा V2 असं काहीतरी असेल, ते हार्डवेअर व्हर्जन. टीपी-लिंकचा आर्चर सी6 घ्या, एकाच नावाखाली वेगवेगळे हार्डवेअर व्हर्जन विकले गेलेत आणि बाहेरून बघून भल्याभल्यांना फरक कळत नाही. एका व्हर्जनची फाइल दुसऱ्यावर घातली की बहुतेक वेळा राउटर ती घेतच नाही, एरर देतो आणि विषय संपतो. घेतली आणि अर्धवट लागली तर जास्त त्रास, पण त्यातूनही परत पिन दाबून बाहेर येता येतं, त्यामुळे राउटर कायमचा जाईल ही भीती ठेवू नका. मधल्या दोन वर्षांत राउटर बदललाय का, तेवढं मात्र आठवून बघा. आपल्याकडे पावसाळ्यात वीज पडून राउटर जळतात, नवा येतो, आणि फाइल लॅपटॉपमध्ये जुन्याचीच राहते.

आता त्याच लेबलवर अजून दोन गोष्टी आहेत त्यांचा फोटो काढून ठेवा, रीसेटनंतरचं वाय-फायचं नाव आणि पासवर्ड. सध्या तुमच्या फोनमध्ये जे अनोळखी नाव दिसतंय ते हेच. फोन त्याला जोडा आणि जोडल्या जोडल्या मोबाईल डेटा बंद करा. हे न केल्यामुळे किती लोक अडकतात काय सांगू, या वाय-फायवर नेट नाही हे फोनला कळतं, तो गुपचूप मोबाईल डेटावर जातो, मग ब्राउझरमध्ये 192.168.0.1 टाकलं तरी पान उघडत नाही आणि माणूस समजतो राउटरच गेला. खरं तर लॅपटॉपनेच करा, फाइल तिथेच आहे आणि जमलं तर लॅन वायर लावून करा, राउटरच्या पिवळ्या किंवा नंबर लिहिलेल्या पोर्टात, बाहेरून नेट येतं त्या वेगळ्या रंगाच्या WAN पोर्टात नाही. पत्ता 192.168.0.1 नसेल तर 192.168.1.1 असेल, तोही लेबलवर लिहिलेला असतो. पहिल्यांदा उघडल्यावर काही राउटर नवा पासवर्ड बनवायला सांगतात, काही जुन्यांना admin आणि admin चालतं.

आत गेल्यावर Advanced मध्ये System किंवा System Tools असतं, त्यात Backup & Restore. इथे जरा थांबा, हे पान मी खूप जवळून बघितलंय म्हणून सांगते. या एका पानावर Restore हा शब्द दोन ठिकाणी असतो. मधल्या भागात फाइल निवडायला Browse आहे, त्याच्या खालचं Restore म्हणजे तुमची फाइल परत घालणं. आणि त्याच्या खाली Factory Default Restore म्हणून वेगळा भाग आहे, तिथलं बटण म्हणजे भाच्याने पिनने जे केलं तेच पुन्हा करणं. घाईत लोक खालचं दाबतात आणि मग म्हणतात फाइल टाकली तरी काही झालं नाही. तर फाइल निवडा, तिचं नाव Browse च्या शेजारी उमटलंय का बघा आणि त्याच भागातलं बटण दाबा. मग राउटर स्वतः बंद होऊन चालू होईल, दोनेक मिनिटं लागतात, तेवढ्यात प्लग काढायचा नाही, लाइट जाण्याची वेळ असेल तर आधी तेही बघून घ्या.

यानंतर एक गोष्ट होते जिने माणूस घाबरतो. लॅपटॉपचं वाय-फाय तुटतं आणि आत्ता जोडलेलं नाव लिस्टमधून गायब होतं. बरोबर आहे ते! फाइलमधलं जुनं नाव परत आलं म्हणून लेबलवालं गेलं. घरातले सगळे फोन, टीव्ही आपोआप जोडले जातील कारण त्यांच्यासाठी मधे काही घडलंच नाही. राउटरच्या पानाचा पासवर्ड पण आता जुना, म्हणजे त्या मुलाने दोन वर्षांपूर्वी ठेवलेला, रीसेटनंतर तुम्ही आत्ता बनवलेला चालणार नाही. तो आठवत नसेल तर फाइल टाकायच्या आधीच त्याला फोन करून विचारून घ्या, नाहीतर नेट चालेल पण आत जाता येणार नाही.

आणि फाइल म्हणजे त्या दिवसाचा फोटो. दोन वर्षांपूर्वी जे होतं तेच येणार. मधे तुम्ही वाय-फायचा पासवर्ड बदलला असेल तर जुना परत येईल, केबलवाल्याने तुमचा लॉगिन बदलला असेल तर फाइल नीट लागूनही नेट चालणार नाही. तेव्हा फाइलला दोष द्यायचा नाही, फक्त तो लॉगिन हाताने बदलायचा.

आता समजा फाइल जुळली नाही. तेव्हा हाताने भरायचं, आणि त्यात खरं म्हणजे तीनच गोष्टी हरवलेल्या असतात. केबलवाल्याने दिलेला लॉगिन, घरातल्या आतल्या पत्त्यांची रेंज आणि वाय-फायचं नाव-पासवर्ड. बाकीचं कंपनीचं डिफॉल्ट असलं तरी साध्या घराला चालून जातं.

मी हे माझ्या मावसभावाच्या घरी केलं होतं गेल्या वर्षी, तेच सांगते म्हणजे कुठे काय अडतं ते कळेल. त्याच्याकडे पण फाइल होती, पण ती विजेने जळालेल्या आधीच्या राउटरची, नवा त्याच नावाचा पण वेगळ्या व्हर्जनचा, त्यामुळे राउटरने फाइल घेतली नाही. मग आधी भिंतीवरचा पांढरा डबा बघितला, ज्यात फायबरची पिवळी बारीक वायर जाते, त्याला ओएनटी म्हणतात. त्यावर PON लाइट हिरवा आणि स्थिर होता, LOS बंद होता. हे बघायचंच पहिलं, कारण LOS लाल लुकलुकत असेल तर वायर तुटलीय किंवा वाकलीय, मग राउटरमध्ये तुम्ही काहीही भरलं तरी उपयोग नाही, तिथे माणूसच लागतो. आणि ताई हात जोडून सांगते, त्या पांढऱ्या डब्याची पिन कोणी दाबू नका. त्यात केबलवाल्याकडची सेटिंग असते, ती गेली की तुमच्याकडून परत भरता येईलच असं नाही. भाच्याने दोन्ही दाबले नाहीत ना, हे त्याला रागावून नाही, नीट विचारून घ्या, रागावलं की पोरं खरं सांगत नाहीत.

मग राउटरमध्ये Internet चं पान उघडलं. रीसेटनंतर तिथे Dynamic IP होतं आणि पत्ता 0.0.0.0. यावरून एक गोष्ट कळते. लॉगिन पांढऱ्या डब्यातच भरलेला असता तर राउटरला Dynamic IP वर आपोआप पत्ता मिळाला असता आणि नेट लगेच चाललं असतं. ज्यांच्याकडे असं असतं त्यांना फक्त वाय-फायचं नाव बदलायचं राहतं. शून्य शून्य दिसतंय म्हणजे बहुतेक लॉगिन राउटरमध्ये होता आणि रीसेटने तो पुसला. लोकल केबलवाल्यांकडे हे फार ठिकाणी असतं. तिथे Connection Type मध्ये PPPoE, म्हणजे लॉगिन टाकून नेट जोडायची पद्धत, निवडायचं, मग युजरनेम आणि पासवर्डचे दोन रकाने येतात.

हे युजरनेम-पासवर्ड कुठे मिळतात? कनेक्शन घेतलं त्या दिवसाचा मेसेज किंवा व्हॉट्सॲप शोधा, पावतीवर बघा, कधी कधी राउटरच्या खोक्यावर पेनने लिहून ठेवलेलं असतं. बिल भरायच्या ॲपमध्ये युजरनेम दिसतं, पण ॲपचा पासवर्ड तोच इथला असेल असं धरून चालू नका, बऱ्याचदा दोन वेगळे असतात. काहीच मिळालं नाही तर फोन करा, आणि "नेट बंद आहे, माणूस पाठवा" असं बोलू नका, तसं बोललं की सोमवार मिळतो. म्हणा, "राउटर रीसेट झालाय, PPPoE चा युजरनेम आणि पासवर्ड मेसेज करा, व्हीलॅन आयडी टाकावा लागतो का तेवढं सांगा, आणि मॅक बाइंड असेल तर रिलीज करा." व्हीलॅन आणि मॅक म्हणजे काय ते पुढे सांगते. एवढं ऐकलं की समोरच्याला कळतं यात माणूस पाठवायची गरज नाही, आणि त्यालाही ते बरंच वाटतं, त्याची एक फेरी वाचते.

आणि एक, तुमची जुनी फाइल लागली नाही तरी टाकून देऊ नका. तिच्यात तो लॉगिन असतो. नोटपॅडमध्ये उघडली तर नुसती चिन्हं दिसतील कारण ती लॉक केलेली असते, पण विंडोजवर RouterPassView नावाचा एक फुकट प्रोग्रॅम आहे, काही जुन्या राउटरच्या फाइली तो वाचतो आणि युजरनेम-पासवर्ड दाखवतो. सगळ्या मॉडेलना चालत नाही. अँटिव्हायरस त्यावर ओरडतो कारण पासवर्ड दाखवणारा प्रोग्रॅम आहे, म्हणून तो बनवणाऱ्या निरसॉफ्टच्या साइटवरूनच घ्यायचा. पण फाइल "ऑनलाइन वाचून देतो" म्हणणाऱ्या कुठल्याही साइटवर चढवायची नाही, त्यात तुमच्या घराचा वाय-फाय पासवर्ड आणि केबलचा लॉगिन दोन्ही आहेत, ते परक्याच्या हातात द्यायचं नाही.

मावसभावाकडे लॉगिन मिळाला, भरला, Connect दाबलं, आणि तरी नेट नाही. इथे बहुतेक लोक पासवर्ड परत परत टाकत बसतात. तसं न करता System Log उघडायचं. त्यात नुसतं PADI, PADI असं ओळीमागून ओळ येत असेल आणि PADO कुठेच नसेल, तर अर्थ असा की राउटर हाका मारतोय आणि पलीकडून कोणी ओ देत नाहीये. म्हणजे पासवर्डचा प्रश्नच अजून आलेला नाही! वायर चुकीच्या पोर्टात आहे, पांढऱ्या डब्यातलं काहीतरी गेलंय किंवा व्हीलॅन आयडी लागतो आणि तो भरलेला नाही. व्हीलॅन म्हणजे एका वायरीतून वेगवेगळ्या सेवा वेगळ्या ठेवायला दिलेला नंबर, तो केबलवालाच सांगू शकतो, अंदाजाने टाकून उपयोग नाही. टीपी-लिंकमध्ये तो IPTV/VLAN च्या पानावर भरतात. याउलट PADO आलंय, पुढे गाडी गेलीय आणि मग auth आणि fail असे शब्द दिसतायत, तर पलीकडचा ऐकतोय पण तुम्हाला आत घेत नाहीये. तेव्हाच युजरनेम-पासवर्ड तपासायचा. लहान-मोठी अक्षरं, आणि सगळ्यात जास्त वेळा सापडणारी चूक म्हणजे व्हॉट्सॲपवरून कॉपी करताना शेवटी चिकटलेली एक स्पेस, ती डोळ्याला दिसतच नाही. कॉपी न करता हाताने टाइप करा.

त्याच्याकडे auth fail येत होतं आणि पासवर्ड शंभर टक्के बरोबर. कारण निघालं मॅक. प्रत्येक राउटरला एक जन्मनंबर असतो, काही केबलवाले तुमचा लॉगिन त्या नंबराला बांधून टाकतात म्हणजे दुसऱ्या घरी कोणी वापरू नये. राउटर जळून नवा लावला तेव्हा लावणाऱ्याने केबलवाल्याला न सांगता नव्या राउटरमध्ये जुन्याचा नंबर भरला होता, MAC Clone म्हणतात त्याला, आणि ते चाललं होतं. रीसेटने ते पुसलं, राउटर स्वतःच्या खऱ्या नंबराने हाक मारायला लागला आणि पलीकडे तो अनोळखी. घरात कुणालाच हे माहीत नव्हतं. केबलवाल्याला फोन करून "मॅक रिलीज करा" म्हटलं, त्याने तिकडे एक बटण दाबलं, दोन मिनिटांत नेट आलं. बरं, रिलीज करूनही लगेच नाही लागलं तर दहा मिनिटं राउटर बंद ठेवा. कधी कधी आधीचं कनेक्शन तिकडे अजून चालूच आहे असं त्यांच्या सिस्टिमला वाटत असतं आणि ते सुटेपर्यंत नवं घेत नाही.

आता वाय-फायचं नाव. नवं, छान नाव द्यायचा मोह होईल, देऊ नका. जुनंच नाव आणि जुनाच पासवर्ड, अक्षर न अक्षर तसाच ठेवा, सिक्युरिटी WPA2 ठेवा, म्हणजे टीव्ही, प्रिंटर, सगळ्यांचे फोन हात न लावता जोडले जातील. नाहीतर एकेक वस्तू घेऊन बसा. पासवर्ड विसरला असाल तर तुमच्या लॅपटॉपला तो अजून आठवतोय. विंडोजच्या कमांड प्रॉम्प्टमध्ये जुन्या वाय-फायचं नाव घालून हे टाका, समजा नाव Angan होतं:

```
netsh wlan show profile name="Angan" key=clear
```

खाली Key Content च्या समोर पासवर्ड दिसेल. लॅपटॉप जवळ नसेल तर आयफोनमध्ये सेटिंग्जच्या वाय-फायमध्ये Edit दाबून जुनी नावं दिसतात (आयओएस 16 पासून पुढे).

राहिला दुकानाचा कॅमेरा, आणि मला वाटतं तुमच्या पत्रातला खरा गुंता हाच आहे, कारण नेट आलं तरी तो आपोआप येईलच असं नाही. कॅमेऱ्याच्या डीव्हीआरला, म्हणजे रेकॉर्डिंग करणाऱ्या डब्याला, लावणाऱ्याने बहुतेक पक्का पत्ता दिलेला असतो, बरेच जण फॅक्टरीचाच 192.168.1.108 ठेवतात. त्याला चालायचं तर राउटरची रेंज 192.168.1 ची हवी. तुमच्या राउटरची डिफॉल्ट रेंज 192.168.0 ची असेल तर त्या मुलाने ती बदलून ठेवली असणार, म्हणूनच तर त्याने फाइल काढली असेल. रीसेटने ती परत 0 वर गेली, आता डीव्हीआर एका आळीत आणि राउटर दुसऱ्या आळीत, मधे रस्ता नाही. डीव्हीआरला मॉनिटर लावलेला असेल तर त्याच्या नेटवर्कच्या पानावर पत्ता आणि गेटवे वाचा. गेटवे 192.168.1.1 लिहिलेला असेल तर राउटरच्या LAN पानावर IP Address मध्ये तेच भरा आणि सेव्ह करा. सेव्ह केल्यावर उघडलेलं पान अडकेल कारण राउटरचाच पत्ता बदलला, वाय-फाय एकदा तोडून जोडा आणि पुढे 192.168.1.1 वर जा. डीव्हीआरला हात लावायची गरज नाही. मोबाईल ॲपमध्ये कॅमेरा क्यूआर कोड स्कॅन करून जोडला असेल तर थोड्या वेळात आपोआप ऑनलाइन दिसेल. ॲपमध्ये पत्ता आणि पोर्ट नंबर टाकून जोडलेला असेल तर राउटरमध्ये पोर्ट फॉरवर्डिंग, म्हणजे बाहेरून आलेली हाक डीव्हीआरकडे वळवायची सेटिंग, पण होतं, ते परत भरावं लागेल आणि त्यासाठी ज्याने कॅमेरा लावला त्याच्याकडून पोर्ट नंबर घ्या.

फाइल लागली तर रेंज, पोर्ट, सगळं एका झटक्यात येतं, म्हणून मी म्हणते आधी लेबल बघा आणि फाइलच टाकून बघा.

सगळं चालू झालं की त्याच Backup & Restore च्या पानावर सगळ्यात वरचं Backup दाबून नवी फाइल घ्या. नाव बहुतेक config.bin असंच येईल, ते बदलून मॉडेल, व्हर्जन आणि तारीख घाला, म्हणजे पुढच्या वेळी ही कुठल्या राउटरची असा प्रश्न पडणार नाही. राउटरच्या पानाचा पासवर्ड त्याच्या सोबत वहीत लिहा. आणि सोमवारी तो माणूस आलाच तर परत पाठवू नका, त्याच्याकडून युजरनेम, पासवर्ड, व्हीलॅन आणि मॅक बाइंड आहे की नाही एवढं एका कागदावर लिहून घ्या आणि तो कागद राउटरच्या खालीच चिकटवा.